बुडबुडे, गुठळी आणि जांभळा डाग

कॅटालेज, कोअॅग्युलेज आणि ऑक्सिडेज या जिवाणूंची ओळख पटवण्याच्या तीन जुन्या चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणी जिवाणूकडे एक विशिष्ट विकर आहे की नाही, एवढेच तपासते. विकर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने केलेले काम दिसते. कॅटालेजमुळे बुडबुडे येतात, कोअॅग्युलेजमुळे रक्तद्रव गोठतो आणि ऑक्सिडेजमुळे कागदावर जांभळा डाग उमटतो. ही विकरे जिवाणू स्वतःच्या गरजेसाठी बाळगतो. ती गरज काय आहे हे एकदा कळले, की चाचणी कशी करायची, ती कुठे फसते आणि फसली हे कसे ओळखायचे, या सगळ्याचा उलगडा होत जातो. प्रयोगशाळेतल्या पुस्तकांत ‘हे करू नये, ते करू नये’ अशा सूचनांची लांबलचक यादी असते. ती पाठ करण्यापेक्षा अभिक्रिया समजून घेतलेली बरी, कारण यादीतली जवळजवळ प्रत्येक सूचना त्या अभिक्रियेतूनच निघालेली असते.

या चाचण्यांची पाळी येते तोवर दोन कामे झालेली असतात. पू, रक्त किंवा लघवीच्या नमुन्यातले जिवाणू प्लेटवर वाढवून त्यांच्या सुट्या कॉलनी मिळवलेल्या असतात आणि त्यांचे ग्रॅम रंजन झालेले असते. रंजनातून जिवाणू जांभळे आहेत की गुलाबी, गोल आहेत की दांड्यासारखे, हे समजते. जांभळे गोलाणू असतील तर पहिली चाचणी कॅटालेजची. गुलाबी दंडाणू असतील तर सुरुवातीलाच ऑक्सिडेज करून घेतात.

समजा, डायलिसिसवर असलेल्या एका रुग्णाला थंडी वाजून ताप आला आहे. त्याचे रक्त दोन वेगवेगळ्या जागांहून काढून कल्चरच्या बाटल्यांत घातले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांत वाढ दिसली. ग्रॅम रंजनात द्राक्षांच्या घोसासारखे जमलेले जांभळे गोलाणू आहेत. आता प्रश्न असा, की हा त्वचेवर नेहमी राहणारा आणि सुईबरोबर बाटलीत शिरलेला निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस आहे, की हृदयाच्या झडपांवर आणि हाडांत ठाण मांडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस? सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. शिवाय घोस नीट जमलेला नसेल, तर तो मुळात स्ट्रेप्टोकॉकस तर नाही ना, अशीही शंका उरते. पहिली शंका आधी मिटवावी लागते आणि ते काम कॅटालेज करते.

प्राणवायूवर जगणाऱ्या प्रत्येक पेशीत एक घातक पदार्थ सतत तयार होत असतो. श्वसनसाखळीतून जाणारे इलेक्ट्रॉन अधूनमधून वाट चुकतात आणि प्राणवायूच्या रेणूला जाऊन चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. फ्रेंच रसायनज्ञ लुई जाक थेनार यांनी १८१८ साली शोधलेले हे द्रव्य पेशीतल्या लोहाशी गाठ पडताच डीएनएची मोडतोड करते, म्हणून त्याची विल्हेवाट ताबडतोब लावावी लागते. हे काम करणारे विकर म्हणजे कॅटालेज. अमेरिकेच्या कृषी खात्यात तंबाखूच्या पानांवर काम करताना ऑस्कर लोव यांनी त्याला हे नाव दिले आणि १९०१ साली त्यावरचा अहवाल प्रसिद्ध केला.

कॅटालेजच्या मध्यभागी हीम असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच हा लोहाचा अणू धरून ठेवणारा चौकटीचा रेणू. पेरॉक्साइडचा पहिला रेणू आला की लोह त्याच्यातला एक प्राणवायू-अणू काढून स्वतःजवळ ठेवतो आणि उरलेले पाणी सोडून देतो. दुसरा रेणू आला की त्याच्या मदतीने हा ठेवलेला अणू प्राणवायूच्या रेणूच्या रूपात बाहेर पडतो, आणखी एक पाण्याचा रेणू तयार होतो आणि विकर पुन्हा रिकामे होते. हिशेब असा:

2H₂O₂ → 2H₂O + O₂

हा फेरा इतक्या वेगाने चालतो, की विकराचा एकच रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. म्हणूनच काडीच्या टोकावर मावेल एवढ्या कॉलनीवर पेरॉक्साइडचा थेंब पडला की क्षणात फेस येतो. हा फेस म्हणजे सुटलेला प्राणवायू.

स्टॅफिलोकॉकस प्राणवायू वापरून श्वसन करतो, त्याच्याकडे हीमयुक्त प्रथिने असतात आणि म्हणून कॅटालेजही असते. स्ट्रेप्टोकॉकसचे तसे नाही. त्याला हीम बनवताच येत नाही. त्यामुळे त्याच्याकडे सायटोक्रोमची साखळी नाही आणि कॅटालेजही नाही. तो साखर आंबवून पोट भरतो आणि हवेत असला तरी आंबवतच राहतो. पेरॉक्साइडपासून बचावासाठी त्याच्याजवळ हीम न लागणारी, संथ आणि वायू न सोडणारी दुसरी विकरे असतात. न्यूमोनिया करणारा स्ट्रेप्टोकॉकस तर स्वतःच भरपूर पेरॉक्साइड तयार करतो. ब्लड अगारवर त्याच्या कॉलनीभोवती जी हिरवट झाक दिसते, ती या पेरॉक्साइडने हिमोग्लोबिनवर केलेल्या माऱ्याची खूण असते. थोडक्यात, या चाचणीत दोन कुळांमधला जगण्याच्या पद्धतीचा मुळातला फरक दिसतो. निकालावर एवढा भरवसा ठेवता येतो तो त्यामुळेच.

कृती सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या काचपट्टीवर १८ ते २४ तासांच्या कॉलनीचा थोडा भाग लाकडी काडीने ठेवायचा, त्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब सोडायचा आणि लगेच पाहायचे. पहिल्या काही सेकंदांत जोरात फसफसले तर चाचणी पॉझिटिव्ह. अर्ध्या मिनिटानंतर दोन-चार बारीक बुडबुडे दिसले तर ते धरत नाहीत. फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर जिवाणूंचे तुषार उडतात, म्हणून पट्टीवर पेट्री डिशचे झाकण पालथे घालण्याची पद्धत आहे.

आता फसण्याच्या जागा. जखमेवर पेरॉक्साइड ओतले की ती फसफसते, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. पुष्कळांचा समज असा, की तो फेस जंतू मरताना येतो. प्रत्यक्षात रक्तपेशी आणि जखमी ऊती यांच्याकडे स्वतःचे कॅटालेज भरपूर असते आणि फेस त्याचा असतो. ब्लड अगारमध्ये मेंढीच्या रक्तपेशी असतात. त्यामुळे कॉलनी उचलताना काडी माध्यमात रुतली आणि त्याचा कण पट्टीवर आला, तर स्ट्रेप्टोकॉकससुद्धा पॉझिटिव्ह भासतो. म्हणून कॉलनीच्या फक्त माथ्यावरून अलगद उचलतात, आणि पेरॉक्साइड थेट ब्लड अगारच्या प्लेटवर कधीच ओतत नाहीत. लाकडी काडी वापरण्यामागेही असेच कारण आहे. पेरॉक्साइड फोडण्याचे काम विकरातले लोह करते, तसेच ते तारेतले लोह किंवा निकेलही थोडेफार करते. निक्रोमच्या तारेने उचललेला नमुना म्हणूनच संशयास्पद ठरतो.

चूक उलट दिशेनेही होते. पेरॉक्साइड उजेडात आणि उष्णतेत आपोआप विघटित होते. बाटली महिनाभर खिडकीजवळ राहिली असेल, तर तिच्यात बहुधा पाणीच उरलेले असते आणि मग अस्सल स्टॅफिलोकॉकसही गप्प बसतो. यावर उपाय एकच. रोज काम सुरू करताना एका माहितीतल्या पॉझिटिव्ह आणि एका माहितीतल्या निगेटिव्ह जिवाणूवर थेंब टाकून बाटलीचीच परीक्षा घ्यायची. कॉलनी जुनी झाली तरी विकर मंदावते. एन्टेरोकॉकस हा एक मजेशीर अपवाद आहे. तो हीम बनवत नाही, म्हणून निगेटिव्ह असतो. पण एन्टेरोकॉकस फीकॅलिसकडे कॅटालेजच्या प्रथिनाचा आराखडा असतो. ब्लड अगारमधून आयता हीम मिळाला की तो विकर जुळवू शकतो आणि क्षीण बुडबुडे देतो. असा अर्धवट निकाल आला तर रक्त नसलेल्या माध्यमावर जिवाणू पुन्हा वाढवून चाचणी करावी.

डायलिसिसच्या रुग्णाकडे परत येऊ. त्याच्या कॉलनीवर थेंब पडताच पांढरा फेस आला. स्ट्रेप्टोकॉकस बाद झाला आणि स्टॅफिलोकॉकस नक्की झाला असे म्हणायला हरकत नाही. मायक्रोकॉकससारखे काही निरुपद्रवी गोलाणूही कॅटालेज पॉझिटिव्ह असतात, पण ते रुग्णाच्या रक्तात क्वचित भेटतात. आता मुख्य प्रश्न उरतो, हा ऑरियस आहे की त्वचेवरचा दुसरा कोणी.

हा निवाडा कोअॅग्युलेज करते. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गळवांच्या पुवातून हे घोसांचे गोलाणू दाखवून दिले आणि त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. १९०३ साली लिओ लोब यांना आढळले, की हे जिवाणू हंसाचा रक्तद्रव गोठवतात. पुढे कळले, की रक्तद्रव गोठवण्याची ही करामत माणसांत गंभीर रोग करणाऱ्या ऑरियसला साधते आणि त्वचेवरच्या बहुतेक भावंडांना साधत नाही.

ही करामत समजायला रक्त एरवी कसे गोठते ते पाहावे लागते. जखम झाली की एकामागून एक अनेक घटक जागे होतात आणि त्यांच्या शेवटी प्रोथ्रॉम्बिन या निद्रिस्त प्रथिनाचे तुकडे होऊन थ्रॉम्बिन तयार होते. थ्रॉम्बिन हे कात्रीसारखे विकर आहे. ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनची टोके छाटते आणि त्याचे फायब्रिन धागे बनतात. धाग्यांचे जाळे म्हणजेच गुठळी. या साखळीतल्या अनेक पायऱ्यांना कॅल्शियम लागते. म्हणून रक्त पातळ ठेवायचे असेल, तर नळीत सायट्रेट किंवा ईडीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकतात.

ऑरियस सगळी साखळी टाळतो. त्याचे कोअॅग्युलेज प्रोथ्रॉम्बिनला जाऊन चिकटते आणि स्वतःचे टोक त्याच्या एका खाचेत खुपसते. प्रोथ्रॉम्बिनचा एकही तुकडा न पडता त्याचा आकार बदलतो आणि ते थ्रॉम्बिनसारखे काम करू लागते. या जोडगोळीला स्टॅफिलोथ्रॉम्बिन म्हणतात. तिला कॅल्शियम लागत नाही. याचाच फायदा चाचणीत घेतला जातो. ईडीटीए घातलेला रक्तद्रव स्वतःहून गोठू शकत नाही, तेव्हा तो गोठला तर ते काम जिवाणूचेच. शरीरात याचा उपयोग जिवाणूला चांगलाच होतो. गळवाच्या आत तो स्वतःभोवती फायब्रिनची भिंत उभी करतो आणि पांढऱ्या पेशींना तिथवर पोचणे अवघड जाते.

परंतु ऑरियसकडे याच कामासाठी आणखी एक साधन असते आणि इथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. त्याच्या पृष्ठभागावर क्लम्पिंग फॅक्टर नावाचे प्रथिन असते. ते फायब्रिनोजेनला थेट पकडते. फायब्रिनोजेनच्या एका रेणूला दोन टोके असल्याने दोन जिवाणू एकाच रेणूला धरतात, मग तिसरा, चौथा, आणि पाहता पाहता गोळा बनतो. इथे ना थ्रॉम्बिन येते ना फायब्रिन बनते. खरे पाहता ही गोठण्याची क्रियाच नाही. तरीही जुन्या सवयीने तिला ‘बद्ध कोअॅग्युलेज’ म्हणतात. काचपट्टीवरची चाचणी हे चिकट प्रथिन तपासते, नळीतली चाचणी खरे कोअॅग्युलेज. दोन्ही चाचण्यांना एकच नाव असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी विचारतात. निकाल जुळले नाहीत तर बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही.

काचपट्टीवर आधी सलाइनच्या थेंबात कॉलनी एकजीव दुधाळ होईपर्यंत कालवतात. ती आपणहून गोळा झाली तर चाचणी तिथेच थांबवतात, कारण अशा जिवाणूबद्दल पुढे काहीच सांगता येत नाही. जास्त मीठ असलेल्या माध्यमावर वाढलेल्या कॉलनी अशा आपणहून चिकटतात, म्हणून त्या वापरत नाहीत. दुधाळ थेंबात सशाच्या रक्तद्रवाचा थेंब मिसळला आणि दहा सेकंदांत पांढरे कण ठळक दिसले, तर पॉझिटिव्ह. पट्टी फार वेळ हलवत राहिल्यास थेंब सुकतो आणि खोटे कण दिसू लागतात.

आपल्या रुग्णाचा थेंब मात्र दुधाळच राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद, काही नाही. म्हणून ‘त्वचेवरचा जंतू’ असा अहवाल पाठवला असता तर मोठी चूक झाली असती. ऑरियसच्या दर शंभरांतले दहा-पंधरा काचपट्टीवर निगेटिव्ह येतात. त्यांच्या पृष्ठभागावर हे प्रथिन कमी असते किंवा बाहेरच्या आवरणाखाली झाकलेले असते. काचपट्टीवर निगेटिव्ह आलेला प्रत्येक स्टॅफिलोकॉकस नळीच्या चाचणीत घालावाच लागतो. उलटही घडते. स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस काचपट्टीवर बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो आणि नळीत निगेटिव्ह, कारण त्याच्याकडे चिकटवणारे प्रथिन आहे पण कोअॅग्युलेज नाही.

नळीत अर्धा मिलिलिटर रक्तद्रव घेऊन त्यात कॉलनी मिसळली, शेजारी एक माहितीतला ऑरियस, एक माहितीतला निगेटिव्ह जिवाणू आणि एक नुसता रक्तद्रव ठेवला, आणि चारही नळ्या ३७ अंश सेल्सिअसवर उबवल्या. दर तासाला नळी हळूच आडवी करून पाहायची, हिसडा द्यायचा नाही, कारण नुकत्याच बांधल्या जाणाऱ्या जाळ्याचे धागे तुटले तर पुन्हा जुळतीलच असे नाही. पहिल्या तासाला रुग्णाच्या नळीतला द्रव वाहत होता. दुसऱ्या तासाला तळाशी जेलीसारखा एक तुकडा डुलताना दिसला. चौथ्या तासाला नळी पूर्ण आडवी केली तरी आतला गोळा हलेना. चाचणी पॉझिटिव्ह आणि जिवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. दोन्ही बाटल्यांत तो असल्याने सुईबरोबर आलेला पाहुणा म्हणून सोडून देण्याची सोयच उरली नाही.

ही नळी तशीच रात्रभर ठेवली. सकाळी तिच्यातला द्रव पुन्हा पातळ झाला होता. याचे कारण ऑरियसचे तिसरे शस्त्र, स्टॅफिलोकायनेज. एका जागी मुक्काम संपला की पुढे पसरण्यासाठी जिवाणूला स्वतःच उभारलेली भिंत पाडावी लागते. स्टॅफिलोकायनेज रक्तद्रवातल्या प्लाझमिनोजेनला कामाला लावते आणि गुठळी विरघळवते. संध्याकाळी नळी लावून थेट सकाळी पाहणाऱ्याने हा निकाल निगेटिव्ह नोंदवला असता. म्हणून पहिले चार तास पाहणे अनिवार्य. पण तिथेच थांबूनही चालत नाही. काही ऑरियस इतके संथ असतात, की त्यांची गुठळी २४ तासांनीच दिसते. चार तासांनी निगेटिव्ह असलेल्या नळ्या त्यासाठी सामान्य तापमानाला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतात.

रक्तद्रव कोणता, हाही क्षुल्लक प्रश्न नाही. ईडीटीए घातलेला सशाचा रक्तद्रव उत्तम. सायट्रेट घातलेला वापरला तर एक गंमत होते. काही जिवाणू, विशेषतः एन्टेरोकॉकस, सायट्रेट खाऊन टाकतात. बांधलेले कॅल्शियम मोकळे होते, रक्तद्रव आपल्या नेहमीच्या मार्गाने गोठतो आणि श्रेय जिवाणूला मिळते. आधी कॅटालेज करून एन्टेरोकॉकस बाजूला काढण्याचा हा आणखी एक फायदा. रक्तपेढीतला मुदत संपलेला मानवी रक्तद्रव स्वस्तात मिळतो, पण त्यात कोअॅग्युलेजविरुद्धची प्रतिपिंडे असू शकतात आणि संसर्गाचा धोका वेगळाच. हा मोह टाळलेला बरा.

आणि एक मर्यादा. कुत्र्यांच्या तोंडातला स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियसही नळीत गुठळी करतो, त्यामुळे कुत्रा चावलेल्या जखमेत कोअॅग्युलेज पॉझिटिव्ह म्हणजे ऑरियसच, असे समजता येत नाही. जिवाणू मेथिसिलिनला दाद देतो की नाही, हेही ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

तिसऱ्या चाचणीकडे वळताना नमुना बदलतो. त्याच दिवशी भाजलेल्या रुग्णाच्या जखमेतला पू आला. ग्रॅम रंजनात गुलाबी दंडाणू आणि मॅकॉन्की अगारवर रंगहीन कॉलनी. रंगहीन म्हणजे लॅक्टोज न आंबवणारे. यांत आतड्यातल्या कुळातले प्रोटियससारखे जिवाणू असू शकतात आणि स्यूडोमोनास एरुजिनोसाही. फरक महत्त्वाचा आहे, कारण सेफ्ट्रिअॅक्सोनसारखे आतड्यातल्या जिवाणूंवर सर्रास वापरले जाणारे औषध स्यूडोमोनासवर चालत नाही.

ऑक्सिडेज चाचणीत श्वसनसाखळीच्या शेवटच्या टोकाची तपासणी होते. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी प्राणवायूला मिळतात आणि पाणी बनते. स्यूडोमोनासमध्ये शेवटून दुसरा वाहक सायटोक्रोम सी आणि शेवटचा सायटोक्रोम सी ऑक्सिडेज असतो. टेट्रामिथाइल-पॅरा-फिनिलीनडायअमीन हे रंगहीन रसायन सायटोक्रोम सीला सहज इलेक्ट्रॉन देते आणि देताना स्वतः जांभळे होते. सायटोक्रोम सी ते इलेक्ट्रॉन ऑक्सिडेजला आणि ऑक्सिडेज हवेतल्या प्राणवायूला देऊन मोकळे होते, म्हणून देवाणघेवाण चालू राहते आणि रंग गडद होत जातो. गॉर्डन आणि मॅकलिऑड यांनी १९२८ साली ही अभिक्रिया जिवाणूशास्त्रात, विशेषतः परम्याचा जंतू हुडकण्यासाठी, रूढ केली. फिल्टर कागदावरची आजची पद्धत १९५६ साली कोवाच यांनी स्यूडोमोनाससाठी वापरली.

एश्चेरिशिया कोलाय आणि तिच्या आतड्यातल्या भाऊबंदांची साखळी वेगळी असते. तिथे क्विनोन हा मेदात विरघळणारा वाहक इलेक्ट्रॉन थेट अंतिम विकराला देतो आणि सायटोक्रोम सी मध्ये येतच नाही. रसायनाला देवाणघेवाण करायला जोडीदार मिळत नाही आणि कागद पांढरा राहतो. ऑक्सिडेज निगेटिव्ह म्हणजे प्राणवायू न वापरणारा जिवाणू, हा समज त्यामुळे साफ चुकीचा आहे. कोलाय प्राणवायू वापरते, तिच्याकडे कॅटालेजही असते, फक्त प्राणवायूपर्यंतचा तिचा रस्ता निराळा आहे. अॅसिनेटोबॅक्टर तर प्राणवायूशिवाय वाढतच नाही, तरीही ऑक्सिडेज निगेटिव्ह असतो.

चाचणीसाठी फिल्टर कागदाचा तुकडा एक टक्का द्रावणाने ओला करून त्यावर कॉलनी काडीने घासतात. दहा सेकंदांत गडद जांभळे झाले तर पॉझिटिव्ह. दहा ते साठ सेकंदांत आले तर विलंबित, म्हणजे पुन्हा करून पाहण्याजोगे. त्यानंतर येणारा रंग धरत नाहीत, कारण हे रसायन हवेतच हळूहळू ऑक्सिडीकृत होऊन जांभळे होते आणि एका मिनिटानंतर जिवाणूचे काम कोणते, हवेचे कोणते, हे वेगळे काढता येत नाही. या चाचणीत घड्याळाकडे पाहणे हाच निम्मा नियम आहे. द्रावण ताजे, तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवतात आणि निळसर दिसू लागले की फेकून देतात. लोखंडी तारेवरचे ऑक्साइडही रंग आणतात, म्हणून इथेही लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी.

कॉलनी कोणत्या प्लेटवरून उचलली, हे कॅटालेजपेक्षा इथे अधिक जपावे लागते. जिथे साखर आंबून आम्ल तयार झाले आहे तिथे विकराची अभिक्रिया दबते आणि अस्सल पॉझिटिव्ह जिवाणू निगेटिव्ह दिसू शकतो. मॅकॉन्कीमधला रंगही जांभळ्या डागाचा अंदाज बिघडवतो. पटकीचा जंतू व्हिब्रिओ कॉलरी हे याचे ठळक उदाहरण. तो ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आहे, पण त्याच्यासाठी खास बनवलेल्या टीसीबीएस माध्यमावर तो सुक्रोज आंबवून पिवळ्या कॉलनी करतो आणि त्या तशाच वापरल्या तर चाचणी फसू शकते. संशयित पिवळी कॉलनी आधी न्यूट्रिएंट अगारवर वाढवून मग कागदावर घासतात.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीतही तेच केले. मॅकॉन्कीवरची रंगहीन कॉलनी न्यूट्रिएंट अगारवर रेघली. सकाळी माध्यम हिरवट झालेले आणि कॉलनीला गोडसर, फळासारखा वास. कागदावर घासताच पाच-सहा सेकंदांत रेघ जांभळी झाली. प्रोटियस आणि त्याचे कुळ बाद. तरीही ‘ऑक्सिडेज पॉझिटिव्ह’ म्हणजे आपोआप स्यूडोमोनास नव्हे. एरोमोनास आणि व्हिब्रिओही पॉझिटिव्ह असतात, आणि आतड्यातल्या कुळात गणला जाणारा प्लेसिओमोनास हा तर स्वकुळाच्या नियमालाच अपवाद. हे तिघे साखर आंबवतात, स्यूडोमोनास आंबवत नाही. म्हणून पुढची पायरी साखर आणि रंगदर्शक असलेल्या ट्रिपल शुगर आयर्न अगारची नळी. रात्रभर उबवल्यावर तिचा उतार आणि तळ दोन्ही लालच राहिले, म्हणजे आम्ल कुठेच झाले नाही, आणि तेव्हा कुठे अहवालात स्यूडोमोनास एरुजिनोसा हे नाव लिहिले गेले.